तीन महिने नाइट ड्युटी नको: इन्चार्ज सिस्टरकडे विनंती कशी करावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

असा अर्ज मी एकदा स्वतः दिला आहे. आता वॉर्डची ड्युटी लिस्ट मी बनवते, त्यामुळे असे अर्ज माझ्याकडे येतात. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून जे कळलं ते इथे लिहिते. कारणं अनेक असतात, पण इथे मी एकच धरून चालणार आहे: मायग्रेन, आणि त्यासाठी नव्याने सुरू झालेलं रोजचं औषध. उदाहरण आमच्याच वॉर्डातल्या एका सिस्टरचं आहे. नऊ वर्षांचा अनुभव, मेडिकल वॉर्ड, महिन्याला सलग पाच नाइट आणि मग दोन नाइट ऑफ. नाव सांगत नाही. तिच्या परवानगीनेच लिहिते आहे.

तीनच महिने का मागायचे? एक महिना मागितला तर लवकर मिळणार नाही का?

लवकर मिळेल, पण उपयोग होणार नाही. आणि एक महिना संपला की पुन्हा अर्ज घेऊन यावं लागेल. दुसरा अर्ज पहिल्यापेक्षा जड जातो.

मायग्रेनला दोन प्रकारची औषधं असतात. एक दुखायला लागल्यावर घ्यायचं, दुसरं दुखू नये म्हणून रोज घ्यायचं. हे दुसरं औषध पहिल्या आठवड्यात गुण दाखवत नाही. डॉक्टर ते कमी डोसने सुरू करतात आणि झेपेल तसं वाढवत नेतात. त्यात तीन-चार आठवडे सहज जातात. डोस ठरला की त्या डोसवर साधारण आठ आठवडे थांबून मग औषध लागू पडलं की नाही ते ठरवतात. चार आणि आठ मिळून बारा आठवडे, म्हणजेच तीन महिने. हा हिशोब अर्जात एका वाक्यात आला की ‘तीन’ हा आकडा हवेतून आलेला वाटत नाही.

आमच्या सिस्टरला रात्री झोपताना घ्यायचं अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिलं होतं. या गोळीने गुंगी येते, म्हणूनच ती रात्री देतात. आता नाइटला काय करायचं? संध्याकाळी घेतली तर रात्री दोन वाजता औषधांचा राउंड घेताना डोळे मिटतात. सकाळी घरी जाऊन घेतली तर पाच दिवस गोळीची वेळ बारा तासांनी सरकते आणि सहाव्या दिवशी परत उलटी फिरते. बऱ्याच जणी तिसरा मार्ग धरतात, नाइटच्या दिवसांत गोळीच घेत नाहीत. मग तीन महिन्यांनी डॉक्टर विचारतात, गुण आला का? आणि खरं उत्तर असतं की औषध नीट घेतलंच नाही.

नाइटमुळेच डोकं दुखतं हे कसं दाखवायचं? इन्चार्ज म्हणतील, डोकं सगळ्यांचंच दुखतं.

म्हणतील. मीही म्हटलेलं आहे.

यावर वाद घालू नका, वही दाखवा. कमीत कमी दोन महिने रोज चार गोष्टी लिहायच्या: कोणती ड्युटी होती, किती तास झोप झाली, डोकं दुखलं का आणि किती वेळ, कोणती गोळी घेतली. रोज अर्धं मिनिट लागतं. कॅलेंडरच्या चौकोनात ‘नाइट, ४ तास, दुखलं, १ गोळी’ एवढं पुरतं.

आमच्या सिस्टरच्या दोन महिन्यांच्या नोंदीत डोकेदुखीचे १७ दिवस होते. त्यातला नाइटचा वाटा मोजताना तिने एक हुशारी केली. पाच नाइट आणि त्यानंतरचे दोन दिवस असे सात दिवस तिने एकत्र धरले, कारण झोपेची भरपाई होताना, म्हणजे नाइट ऑफच्या दिवशीही तिचं डोकं हमखास उठायचं. दोन महिन्यांत असे १४ दिवस झाले. त्या १४ पैकी ९ दिवस डोकं दुखलं होतं. उरलेल्या ४६ दिवसांत ८ दिवस. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर मला आणखी काही विचारायची गरज उरली नाही.

वहीचा दुसरा फायदा डॉक्टरांना होतो. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. मिश्र घटकांच्या गोळ्यांसाठी आणि ट्रिप्टानसाठी ही मर्यादा १० दिवसांची आहे. नर्सच्या हाताशी गोळ्या असतात आणि ड्युटी तर उरकायची असते, त्यामुळे हा आकडा कधी ओलांडला ते कळतही नाही. चौथ्या रकान्यात खरं लिहा.

आणि नोंदीत नाइटचा काहीच संबंध दिसला नाही तर? मग अर्जात ‘नाइटमुळे त्रास होतो’ असं लिहू नका. औषधाच्या वेळेचं कारण तरीही खरं असू शकतं, तेवढंच लिहा.

डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर नेमकं काय हवं?

‘विश्रांतीचा सल्ला’ एवढंच लिहून आलेला कागद इन्चार्जच्या कामाचा नसतो. विश्रांती म्हणजे रजा, आणि तुम्ही रजा मागत नाही आहात. तुम्ही कामाला येणार आहात, फक्त रात्री नाही. म्हणून सर्टिफिकेटवर तीन गोष्टी स्पष्ट हव्यात. पहिली, दिवसपाळीच्या कामाला तुम्ही योग्य आहात. दुसरी, रात्रपाळी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत टाळावी. तिसरी, पुन्हा तपासणी कधी.

पहिलं वाक्य बहुतेक डॉक्टर लिहीत नाहीत, कारण त्यांना ते सुचत नाही. आपण सांगायचं. ते नसलं की वर बसलेलं कोणीतरी विचारतं, ‘यांना बरं नाही तर दिवसा तरी कशाला येतात?’ आणि प्रकरण फिटनेसच्या वळणावर जातं.

आपल्याच वॉर्डात राउंडला येणाऱ्या डॉक्टरांकडून उभ्या उभ्या कागद लिहून घेऊ नका. रीतसर केस पेपर काढा, तपासून घ्या. तुम्हाला बघणारे डॉक्टर आणि सही करणारे डॉक्टर एकच असले की पुढचे निम्मे प्रश्न येतच नाहीत.

आजाराचं नाव सांगायलाच हवं का?

अर्जात ‘वैद्यकीय कारणास्तव’ लिहून सोबत सर्टिफिकेट जोडलं तरी चालतं. मायग्रेन सांगण्यात फारशी अडचण नसते, पण नैराश्य, गर्भपात किंवा फिट्स असं काही असेल तर विचार करा. अर्ज इन्चार्जकडून मेट्रनकडे, तिथून कार्यालयात जातो आणि वाटेत चार टेबलांवर उघडा पडतो. नाव सांगायचं नसेल तर डॉक्टरांना सर्टिफिकेटवर कामाची मर्यादा लिहायला सांगा. इन्चार्जला तोंडी किती सांगायचं ते तुम्ही ठरवा.

औषधाचं नाव मात्र अर्जात कधीच लिहू नका. अ‍ॅमिट्रिप्टिलिन मुळात नैराश्यासाठी वापरात आलेलं औषध आहे. ते नाव वाचून कोणीतरी भलताच अर्थ लावतं आणि संध्याकाळपर्यंत तो अर्थ सगळ्या मजल्यावर पोचतो.

इन्चार्ज सिस्टर ‘कुठून आणू माणसं?’ म्हणतात. त्यांच्या वहीत नक्की काय अडतं?

हा प्रश्न समजला की अर्ज कसा लिहायचा ते आपोआप कळतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या वॉर्डात माझ्याशिवाय १२ स्टाफ नर्स आहेत. रोज रात्री दोघी लागतात. महिन्याचे ३० दिवस धरले तर नाइटच्या ६० जागा, म्हणजे प्रत्येकीला ५. आता एक जण कमी झाली. अर्ज देणारी साधारण असा हिशोब करते: ६० भागिले ११, साडेपाचच्या आसपास, म्हणजे बाकीच्यांवर अर्ध्या नाइटचा भार. एवढ्याला काय झालं?

पण ड्युटी लिस्ट सरासरीवर बनत नाही. रात्री दोघींपैकी एक तरी अनुभवी हवीच, कारण रात्री पेशंट बिघडला तर डॉक्टर येईपर्यंत तीच निर्णय घेते. आमच्या बारापैकी सहा अनुभवी आहेत आणि सहा नव्या. अनुभवीच्या ३० जागा, सहा जणी, प्रत्येकी ५. अर्ज दिलेली सिस्टर अनुभवींपैकी होती. ती गेली की ३० जागा पाच जणींवर येतात, प्रत्येकी ६. नव्या सहा जणींना काहीच फरक पडत नाही. सगळा भार त्या पाच जणींवर, महिन्याला एक जादा नाइट, तीन महिन्यांत तीन. कुरकुर कोण करणार हे मला अर्ज वाचतानाच कळतं.

त्यात एखादी अनुभवी आधीच बाळंतपणाच्या रजेवर असेल तर? मग उरल्या चार, आणि ३० भागिले ४ म्हणजे साडेसात. इथे इन्चार्ज ‘नाही’ म्हणते आणि त्यात तिचा दुष्टपणा नसतो.

शिवाय नाइट सुट्या येत नाहीत, पाचच्या सलग पट्ट्यात येतात. सहा जोड्या, पाच-पाच रात्री, महिना बरोबर भरतो. एक जण निघाली की जोडी मोडते. तिच्या पाच रात्री पाच जणींना एकेक वाटल्या तर कुणाच्या तरी दोन मॉर्निंगच्या मध्ये एकटी नाइट घुसते, आणि तशी नाइट पाच सलग नाइटपेक्षा वाईट. म्हणून मी एकेक वाटत नाही. पहिल्या महिन्यात दोघींच्या पट्ट्या लांबवते, दुसऱ्या महिन्यात दुसऱ्या दोघींच्या, असं फिरवते. त्याला वेळ लागतो, आणि म्हणूनच तुमचा अर्ज वेळेत हवा.

आता हिशोबाची दुसरी बाजू. तुम्ही नाइट करत नाही म्हणजे त्या दिवसांत दिवसाला हजर असता. ज्या सिस्टर जादा नाइट करतील त्यांच्या दिवसाच्या ड्युट्या रिकाम्या होतील, त्या तुम्ही भराल. वॉर्डातले एकूण हात तेवढेच राहतात, फक्त जागा बदलतात. हे वाक्य अर्जात असायला हवं. दहातल्या नऊ अर्जांत ते नसतं.

मग बदल्यात काय देऊ करावं?

जे खरंच झेपेल तेवढंच. रविवार, सणासुदीच्या सुट्ट्यांच्या ड्युट्या, इव्हिनिंग. इव्हिनिंग कुणालाच आवडत नाही, त्यामुळे ती देऊ केली की ज्यांच्यावर नाइट वाढली त्यांचा राग बराच उतरतो.

पण सावध राहा. मायग्रेनमध्ये झोप कमी होण्याइतकाच झोपेची वेळ हलण्याचाही त्रास होतो. रात्री नऊला इव्हिनिंग संपली, हँडओव्हर देऊन घरी पोचून जेवून झोपायला बारा वाजले आणि सकाळी सातची मॉर्निंग लागली तर झोप पाच तासांची. म्हणजे नाइट सोडून तुम्ही तोच त्रास दिवसा आणलात. आमच्या सिस्टरने लिहिलं होतं की इव्हिनिंग हव्या तेवढ्या लावा, पण इव्हिनिंगच्या दुसऱ्या दिवशी मॉर्निंग नको. ही अट मला पाळता आली, कारण ती आधीच सांगितली होती. लिस्ट लागल्यावर कोणी येऊन हे सांगितलं की माझा पारा चढतो, खोटं कशाला बोलू.

आधी बोलावं की थेट अर्ज द्यावा? कधी?

आधी बोलावं, आणि त्याच आठवड्यात लेखी द्यावं. सकाळच्या राउंडच्या गडबडीत नको, हँडओव्हरला सगळ्यांसमोर तर अजिबात नको. दुपारी वॉर्ड जरा निवांत असताना, ‘सिस्टर, माझ्या ड्युटीबद्दल दहा मिनिटं बोलायचंय, आज कधी येऊ?’ एवढं म्हणा. वेळ त्यांना ठरवू द्या.

पुढच्या महिन्याची लिस्ट कधी बनते ते तुम्हाला माहीत असतंच. तिच्या दोन आठवडे आधी अर्ज टेबलावर हवा. लिस्ट लागल्यानंतर आलेला अर्ज म्हणजे लागलेली लिस्ट खोडणं, आणि खोडलेल्या लिस्टवर बारा जणी भांडतात.

तोंडी होकारावर थांबू नका. माझ्या वेळी मी थांबले होते. तेव्हाच्या इन्चार्जनी मनापासून ‘बघते मी’ म्हटलं आणि खरंच एक महिना नाइट लावली नाही. मग त्यांची बदली झाली. नव्या सिस्टरसमोर माझ्याकडे दाखवायला एक कागद नव्हता, आणि दुसऱ्या महिन्यात मला सात नाइट लागल्या, मागची भरपाई म्हणून.

अर्जाची दुसरी प्रत काढा, तिच्यावर सही आणि तारीख घ्या आणि घरी ठेवा.

अर्ज कसा लिहायचा? नमुना मिळेल का?

आमच्या सिस्टरचा अर्ज थोडा बदलून देते. तारखा आपल्या घाला.

> प्रति,
> मा. परिसेविका,
> मेडिकल वॉर्ड
>
> विषय: वैद्यकीय कारणास्तव १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात रात्रपाळीतून सूट मिळणेबाबत.
>
> महोदया,
>
> मी आपल्या वॉर्डात अधिपरिचारिका म्हणून कार्यरत आहे. मला मायग्रेनचा त्रास असून त्यासाठी डॉक्टरांनी रोज ठरावीक वेळी, रात्री झोपताना घ्यावयाचे औषध सुरू केले आहे. औषधाचा डोस ठरण्यास सुमारे चार आठवडे आणि त्यानंतर परिणाम पाहण्यास आठ आठवडे लागतील, असे त्यांनी सांगितले आहे. या काळात रात्रपाळी टाळण्याचा सल्ला दिला असून दिवसपाळीच्या कामास मी योग्य असल्याचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.
>
> मागील दोन महिन्यांत मी ठेवलेल्या नोंदीनुसार रात्रपाळीचे व त्यानंतरच्या दोन दिवसांचे मिळून १४ दिवस होते; त्यांपैकी ९ दिवस मला त्रास झाला. उरलेल्या ४६ दिवसांत ८ दिवस त्रास झाला.
>
> माझ्या रात्रपाळ्या ज्या सहकाऱ्यांकडे जातील त्यांच्या दिवसपाळ्या, तसेच रविवार व सुट्टीच्या दिवसांच्या ड्युट्या करण्यास मी तयार आहे. सायंपाळीही करेन, मात्र सायंपाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळपाळी नसावी, ही विनंती.
>
> ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात माझी फेरतपासणी आहे. तिचा अहवाल मी सप्टेंबरची ड्युटी लिस्ट तयार होण्यापूर्वी आपणास सादर करेन.
>
> तरी वरील काळासाठी मला रात्रपाळीतून सूट मिळावी, ही नम्र विनंती.
>
> आपली विश्वासू,

एका पानावर मावतो. दुसरं पान कोणी वाचत नाही. फेरतपासणीची ओळ माझ्या मते सगळ्यांत कामाची आहे. इन्चार्जच्या मनातली खरी भीती ‘ही तीन महिन्यांनी परत येणार का’ अशी असते, आणि त्या एका ओळीने ती निम्मी होते.

अर्जात काय लिहू नये?

‘रात्री माझ्या हातून चुका होतात’ हे वाक्य. कळकळीने लिहिलेलं असतं, पण कागद फाइलला राहतो. पुढे कधी वॉर्डात औषधाची चूक झाली, तुमचा तिच्याशी संबंध असो वा नसो, तर हे वाक्य बाहेर येतं.

याचा अर्थ लपवा असा नाही. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान सगळ्यांचीच सावधता सर्वांत खाली गेलेली असते. त्यात मायग्रेनचा ऑरा सुरू होऊन नजरेसमोर वेड्यावाकड्या रेषा नाचत असतील तर इन्सुलिनच्या सिरिंजवरची रेघ वाचायची कशी? असं झालं तर त्याच क्षणी जोडीदार सिस्टरला सांगायचं, डोस तिच्याकडून तपासून घ्यायचा, आणि चूक होता होता वाचली असेल तर तिची नोंद वेगळ्या फॉर्मवर ठरलेल्या पद्धतीने करायची. ती नोंद आणि ड्युटी बदलाचा अर्ज एकाच कागदावर नको.

‘अमुक सिस्टरला सूट मिळते मग मला का नाही’ हेही नको. त्या सिस्टरचं कारण तुम्हाला माहीत नसतं.

अर्जाची भानगड कशाला? आम्ही आपापसांत नाइट बदलून घेऊ शकतो ना?

एखाद-दुसरी नाइट बदलायला हरकत नाही. तीन महिन्यांच्या १५ नाइट आपापसांत फिरवणं मात्र अंगाशी येतं. पहिल्या महिन्यात मैत्रीखातर होतं. दुसऱ्या महिन्यात तुम्ही विनंती करत फिरता. तिसऱ्या महिन्यात जिने दोन नाइट घेतल्या तिला वाटतं तीन घेतल्या. आणि लिस्टवर नाव तुमचंच असल्यामुळे ती ऐनवेळी आली नाही तर गैरहजर तुम्ही. औषधाच्या चाचणीलाही हे पोषक नाही, कारण ‘मिळाली तर सूट’ म्हणजे गोळीची वेळ पुन्हा अनिश्चित.

त्यापेक्षा रजाच घेतली तर?

तीन महिन्यांची रजा शिल्लक असते का? आणि तुम्ही आजारी पडून घरी बसावं इतका हा त्रास नाही. रजा पुढच्या खऱ्या अडचणीसाठी ठेवा.

नाइटचा भत्ता जाईल का?

जिथे तो प्रत्येक नाइटमागे मिळतो तिथे न केलेल्या नाइटचा मिळणार नाही. पगाराच्या स्लिपमध्ये ती ओळ बघून घरचा हिशोब आधी जुळवा, म्हणजे दुसऱ्या महिन्यात पैशांसाठी स्वतःहून नाइट मागायची वेळ येणार नाही. अशी एक येऊन गेली आहे माझ्याकडे.

बरोबरच्या सिस्टर टोमणे मारतात. त्यांना काय सांगू?

ज्यांच्यावर भार येतो त्या पाच जणींना लिस्ट लागण्याआधी तुम्ही स्वतः सांगा. आजाराचा तपशील नको. ‘तीन महिने औषध चालू आहे, नाइट नाही करायची, तुला सरासरी महिन्याला एक जादा येईल, तुझ्या रविवारच्या ड्युट्या मी घेते’ एवढं पुरतं. भिंतीवरच्या लिस्टवरून कळलं तर त्यांना वाटतं की इन्चार्जच्या मर्जीतली आहे.

आणि त्या तीन महिन्यांत रात्रीच्या लग्नातले फोटो टाकू नका. हसू नका, खरंच सांगते. एका फोटोने एका सिस्टरचं खरं कारण खोटं ठरलेलं मी पाहिलंय.

इन्चार्ज ‘नाही’ म्हणाल्या तर?

लगेच मेट्रनकडे जाऊ नका. आधी विचारा, ‘सिस्टर, यातलं नेमकं कशात अडतंय?’ बहुतेक वेळा सगळ्यात अडत नसतं, एका गोष्टीत अडतं.

तारखेत अडत असेल, कुणाची रजा याच महिन्यात असेल, तर एक महिन्याने सुरुवात करा. पण मग औषधही त्याच सुमारास सुरू करता येईल का ते डॉक्टरांना विचारा, नाहीतर तीन महिने आणि सूट यांचा मेळ बसणार नाही. अनुभवी माणसात अडत असेल तर नव्यांपैकी एखादी दोन-अडीच वर्षांची तयार झालेली सिस्टर अनुभवीच्या जागी चालेल का, हे सुचवता येतं. ते ठरवणार इन्चार्ज. पण आमच्याकडे साडेसातच्या पेचातून एकदा असाच मार्ग निघाला होता. चारऐवजी पाच जणी झाल्या आणि आकडा सहावर आला.

काही जणी ‘निदान नाइट कमी करा, पाचऐवजी दोन’ अशी तडजोड करतात. इतर कारणांसाठी ती चांगली, पण रात्रीच्या औषधाच्या चाचणीसाठी अपुरी. दोन नाइटलाही गोळीची वेळ मोडतेच. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हो म्हणू नका.

‘तुला ओपीडीत पाठवते, तिथे नाइटच नाही’ असा पर्यायही येतो. हरकत नाही, पण आदेशात ‘तात्पुरती’ आणि तारखा लिहून घ्या. तारीख नसलेली तात्पुरती बदली वर्षानुवर्षं चालते.

हे सगळं करूनही नकार आला तर तो अर्जावर लेखी मागा आणि मग रीतसर, इन्चार्जच्या मार्फतच, मेट्रनकडे म्हणजे अधिसेविकांकडे अर्ज पाठवा. परस्पर गेलात तर मेट्रन पहिला फोन इन्चार्जलाच करतात. दुसऱ्या वॉर्डातून एक अनुभवी सिस्टर तात्पुरती देणं मेट्रनच्या हातात असतं, इन्चार्जच्या नाही. म्हणून वर जाताना तक्रार न मांडता नेमकी ही मागणी मांडा.

सूट मिळाली, पण मध्येच ‘आज एकच नाइट कर’ असा फोन आला तर?

येणारच. कोणीतरी अचानक आजारी पडतं, आणि ज्या नाइटला नाहीत त्या ‘मोकळ्या’ दिसतात. एकदा ‘हो’ म्हटलं की दुसऱ्यांदा फोन करणाऱ्याला संकोच राहत नाही. ‘सिस्टर, आज नाइट जमणार नाही, पण उद्याची मॉर्निंग आणि इव्हिनिंगचे चार तास मी काढते, म्हणजे उद्याची कोणी आज रात्री येऊ शकेल’ असं म्हणता येतं. पेशंटवर खरोखर आणीबाणी असेल आणि तुम्ही गेलातच, तर वहीत ती नाइट आणि पुढचे दोन दिवस ठळक लिहा.

तीन महिने संपले. आता?

आमच्या सिस्टरची डोकेदुखी सूट मिळण्याआधी महिन्याला साडेआठ दिवस होती. पहिल्या महिन्यात ७ दिवस, दुसऱ्यात ५, तिसऱ्यात ४. महिन्यातले दुखण्याचे दिवस निम्म्याने कमी झाले तर रोजचं औषध लागू पडलं, असं साधारण मानतात. म्हणजे कागदावर उत्तम.

पण इथे एक मेख आहे आणि ती तिच्याच लक्षात आली. या तीन महिन्यांत दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, औषध सुरू झालं होतं आणि नाइट थांबली होती. गुण कशाचा? हे नाइट पुन्हा सुरू केल्याशिवाय कळणार नव्हतं. म्हणून औषध चालू ठेवून तिने नाइट परत घेतली. पाचचा पट्टा एकदम न घेता सप्टेंबरमध्ये दोन, ऑक्टोबरमध्ये तीन, मग पाच. नाइटच्या दिवसांत गोळी किती वाजता घ्यायची ते डॉक्टरांनी ठरवून दिलं आणि तिने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. डोकं सप्टेंबरमध्ये ४ दिवस दुखलं, ऑक्टोबरमध्ये ५, आणि पाचच्या पट्ट्याच्या महिन्यात ५. म्हणजे गुण बराचसा औषधाचा.

नाइट सुरू केल्यावर आकडा पुन्हा आठ-नऊवर गेला असता तर अर्थ उलटा होता: औषधाचं काम थोडंच, नाइट हेच मूळ. मग तीन-तीन महिन्यांची सूट मागत राहण्याऐवजी कायमच्या दिवसाच्या जागेबद्दल बोलावं लागतं, आणि तो अर्ज इन्चार्जकडे नसतो.

माझं कारण वेगळं आहे, घरी आजारी माणूस आहे. हेच लागू पडेल का?

हिशोब आणि अर्जाची मांडणी लागू पडेल, तीन महिन्यांचं कारण लागू पडणार नाही. तुमचा आकडा तुमच्या कारणातून यायला हवा. ऑपरेशननंतर रात्री कोणीतरी सोबत हवं असं किती आठवडे सांगितलंय, रात्री सोबतीला दुसरं कोण कधी येणार आहे, ते लिहा. ते सहा आठवडे असतील तर सहाच मागा.